टाकी भरली तरी पंप थांबेना: सीमॉस गेटच्या मोकळ्या इनपुटचं एक प्रकरण

गुहागर तालुक्यात अगदी किनाऱ्याला लागून एक नारळ-पोफळीची वाडी आहे. विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप, घरामागे उंचावर टाकी आणि पडवीच्या भिंतीवर एक छोटा डबा. पाणी खाली गेलं की या डब्याने पंप चालू करायचा आणि टाकी भरली की बंद करायचा, एवढंच त्याचं काम. मे महिनाभर त्याने ते चोख केलं. पाऊस सुरू झाला आणि टाकी ओसंडू लागली. कधी अर्धी टाकी भरल्यावरच पंप बंद पडायचा, पुन्हा आपोआप सुरू व्हायचा, तर कधी रिले नुसता टरटरत बसायचा. वाडीच्या काकांनी फोनवर सांगितलं, "अहो, सकाळी याच्या अंगात येतं आणि दुपारी ऊन पडलं की शहाण्यासारखं वागतं. तुम्ही आलात की नेमकं गप्प बसेल बघा."

या तक्रारीतला "सकाळी" हा शब्द सगळ्यात कामाचा होता. फ्लोट अडकला असता किंवा रिलेचे काँटॅक्ट जळले असते, तर बिघाडाने सकाळ-दुपार पाहिली नसती. दमट हवेत येणारा आणि उन्हात जाणारा बिघाड म्हणजे कुठेतरी फार थोडा करंट, जिथे जायला नको तिथे जातो आहे. आणि इतक्या थोड्या करंटने ज्याचं मत बदलतं, अशी सर्किटमधली जागा म्हणजे सीमॉसचं मोकळं इनपुट.

डब्यात काय होतं

बोर्ड साधं होतं. 12 व्होल्टचा पुरवठा, सीडी4023 ही एकच चिप, एक ट्रान्झिस्टर, एक रिले आणि रिलेवर पंपाचा कॉन्टॅक्टर. टाकीत चुंबकावर चालणारे दोन फ्लोट स्विच होते. खाऱ्या हवेत आणि विहिरीच्या पाण्यात उघड्या सळ्या लवकर गंजतात, म्हणून फ्लोट वापरले होते आणि ते योग्यच होतं. पाणी खालच्या पातळीखाली गेलं की खालचा फ्लोट आपली तार ग्राउंडला जोडतो. टाकी भरली की वरचा फ्लोट आपली तार ग्राउंडला जोडतो. एरवी दोन्ही तारा 10 किलोओहमच्या रेझिस्टरने 12 व्होल्टकडे ओढलेल्या असतात.

सीडी4023 मध्ये तीन-तीन इनपुटची तीन नँड गेट असतात. नँडचा नियम एका वाक्यात सांगता येतो: सगळी इनपुट हाय असतील तरच आउटपुट लो, एक जरी लो झालं तरी आउटपुट हाय. या बोर्डात दोन गेट एकमेकांना उलटसुलट जोडून लॅच, म्हणजे शेवटचा हुकूम धरून ठेवणारी जोडी, केलेला होता. पहिल्या गेटच्या पिन 1 वर खालचा फ्लोट, पिन 2 वर दुसऱ्या गेटचं आउटपुट, आणि पिन 9 हे त्याचं स्वतःचं आउटपुट, जे 10 किलोओहममधून ट्रान्झिस्टरला जातं. पिन 9 हाय म्हणजे पंप चालू. दुसऱ्या गेटच्या पिन 3 वर वरचा फ्लोट, पिन 4 वर पहिल्या गेटचं आउटपुट, आणि पिन 6 हे आउटपुट. जोडणीत काही खोट नव्हती.

पण लॅचला प्रत्येक गेटची दोनच इनपुट लागतात आणि इथे तीन होती. पहिल्या गेटचं तिसरं इनपुट, पिन 8, कशालाच जोडलेलं नव्हतं. दुसऱ्या गेटचं तिसरं इनपुट, पिन 5, एका लांबट ट्रॅकने बोर्डाच्या कडेच्या कनेक्टरपर्यंत नेलं होतं. तिथे पंप हाताने बंद करायचं बटण लावायची सोय ठेवली होती, पण बटण लावलेलं नव्हतं. तिसरं गेट तर पूर्ण रिकामंच. पिन 11, 12, 13 ही त्याची तिन्ही इनपुट तशीच सोडलेली. थोडक्यात, चिपवरच्या नऊ इनपुटांपैकी पाच मोकळी होती.

मोकळं इनपुट म्हणजे शून्य नव्हे

सीमॉसचं इनपुट म्हणजे मॉसफेट या ट्रान्झिस्टरचा 'गेट' नावाचा पाय. तो काचेसारख्या ऑक्साइडच्या थराने खालच्या वाहकापासून तोडलेला असतो. विजेच्या नजरेने तो एक बारीकसा कपॅसिटर, साधारण 5 पिकोफॅरडचा. ट्रॅक आणि सोल्डरचा ठिपका धरून 10 पिकोफॅरड म्हणू. आता समजा, त्याच्यात कुठून तरी 10 पिकोअँप झिरपतो. भागाकार केला तर दर सेकंदाला 1 व्होल्ट! म्हणजे बारा सेकंदांत हे इनपुट ग्राउंडपासून 12 व्होल्टपर्यंत सरकू शकतं. चिपच्या आतल्या संरक्षक डायोडांची गळतीही याच मापाची असते. ती वरच्या बाजूला जास्त आहे की खालच्या, हे दर चिपगणिक बदलतं.

मे महिन्यात हे बोर्ड का चाललं, ते इथे कळतं. त्या विशिष्ट चिपची गळती पिन 8 आणि 5 ला वर ओढत होती, नँडला हवं तसं. तिसरी इनपुट हाय राहिली आणि लॅच नीट चालला. बोर्ड बनवणाऱ्याच्या टेबलावरही हेच झालं असणार. जुन्या 7400 मालिकेच्या टीटीएल चिपवर हात बसलेल्या माणसाला यात काही वावगं दिसत नाही, कारण तिथलं मोकळं इनपुट आपोआप हायसारखं वागतं. ती पद्धत तिथेही चांगली नव्हतीच, पण निभावून जायची. सीमॉसमध्ये निभावत नाही.

त्यातून आसपासच्या तारांचाही हात लागतो. पंपाची 230 व्होल्टची तार याच डब्यातून जाते. तिची आणि मोकळ्या पिनची 0.1 पिकोफॅरड इतकी जरी जवळीक असली, तरी 10 पिकोफॅरडच्या पिनवर साधारण 2.3 व्होल्टचा 50 हर्ट्झचा हेलकावा बसतो. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजला तर साडेसहा व्होल्ट. 12 व्होल्टवर या चिपसाठी साधारण 3.6 च्या खाली खात्रीचं लो आणि 8.4 च्या वर खात्रीचं हाय. मधल्या पट्ट्यात काय होईल याची हमी कुणीच देत नाही, आणि हा हेलकावा त्या पट्ट्यात सहज पोचतो.

पावसात नेमकं काय बदललं

या प्रकरणातला खरा गुंता पिनच्या शेजारात होता. सीडी4023 वर पिन 8 ला लागूनच पिन 9 आहे, म्हणजे मोकळं इनपुट आणि त्याच गेटचं आउटपुट शेजारी-शेजारी, मध्ये जेमतेम अडीच मिलिमीटर. पिन 5 आणि 6 चंही तसंच. खारा वारा बोर्डावर मिठाचा न दिसणारा थर बसवतो. कोरडा असेपर्यंत तो काही करत नाही, पण हवेतली ओल शोषली की तोच थर रेझिस्टर होतो. काही शे मेगाओहमचा म्हणा, फार भिजला तर त्याहून बराच कमी. चिपच्या आतल्या गळतीपुढे हा करंट दांडगा असतो.

टाकी भरलेली आहे असं धरू. वरचा फ्लोट पिन 3 ला ग्राउंड करतो, म्हणून पिन 6 हाय. खालचा फ्लोट उघडा, म्हणून पिन 1 हाय. आता पहिल्या गेटची दोन इनपुट हाय आहेत आणि निर्णय तिसऱ्यावर, पिन 8 वर आला. पिन 8 हाय असेल तर पिन 9 लो, पंप बंद. पण पिन 9 लो झाली की ओल्या थरातून ती पिन 8 ला खाली ओढते. पिन 8 खाली आली की नँडच्या नियमाप्रमाणे पिन 9 वर जाते, पंप चालू. पिन 9 वर गेली की ती पिन 8 ला पुन्हा वर ओढते. गेट स्वतःच्याच शेपटीमागे धावू लागतं आणि शेवटी मधल्या व्होल्टेजवर लटकतं. त्या जागी गेट म्हणजे चांगलाच तिखट अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्यामुळे 50 हर्ट्झच्या काही मिलिव्होल्टनेही आउटपुट या टोकापासून त्या टोकाला फेकलं जातं. रिले टरटरतो तो यामुळे. ओल आणि पिनवरचा चार्ज यांची बेरीज खालच्या बाजूला झुकली तर पिन 9 हायच राहते, आणि मग वरचा फ्लोट ओरडून सांगत असला तरी पंप थांबत नाही. लॅचचं पहिलं गेट त्याचं ऐकतच नाही, कारण पिन 8 लो असताना बाकीच्या दोन इनपुटांना काही किंमत उरत नाही.

अर्धी टाकी भरल्यावर पंप बंद पडणं ही याचीच दुसरी बाजू. पंप चालू असताना आणि दोन्ही फ्लोट उघडे असताना दुसऱ्या गेटचा निर्णय पिन 5 वर असतो. पिन 6 लो असते, ती ओल्या थरातून पिन 5 ला खाली ओढते, पिन 6 वर उसळते, लॅच उलटतो आणि पंप बंद. त्यानंतर पिन 8 आपला खेळ सुरू करते आणि पंप पुन्हा चालू. ज्याला काका "अंगात येणं" म्हणत होते, तो या दोन पिनांचा झगडा होता.

खात्री कशी केली

मोकळं इनपुट थेट मोजायला जाऊ नये. साध्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध 10 मेगाओहम असतो, आणि मोकळ्या पिनच्या मानाने ती जवळजवळ सरळ तारच. टाकी भरलेली आणि रिले शांत असताना मीटरची काळी तार ग्राउंडला आणि लाल तार पिन 8 ला लावली. रिले टक्कन ओढला गेला. मीटरवर आकडा काय आला याला महत्त्व नाही. मीटर लावल्याने सर्किटचं वागणं बदललं, हेच निदान. नीट जोडलेल्या इनपुटवर 10 मेगाओहमने काहीही फरक पडता कामा नये.

त्याहून चांगली जागा म्हणजे वापरात नसलेल्या तिसऱ्या गेटचं आउटपुट. आउटपुटला आतून जोर असतो, मीटर लावल्याने ते हलत नाही. पिन 10 वर डीसी रेंजवर 5 ते 7 व्होल्टमध्ये भरकटणारा आकडा आला आणि बोर्डाजवळ तळहात नेला की तो सरकत होता. डिजिटल गेटचं आउटपुट एकतर 0 जवळ हवं किंवा 12 जवळ. मधला आकडा म्हणजे ते सतत वर-खाली होतं आहे आणि मीटर त्याची सरासरी दाखवतो आहे.

तिसरी तपासणी करंटची. चिपच्या पिन 14 कडे जाणारा ट्रॅक कापून मध्ये 100 ओहमचा रेझिस्टर घातला. ट्रान्झिस्टरच्या बेसचा रेझिस्टर एका पायाने उचलून ठेवला, नाहीतर आउटपुट हाय असताना बेसचा 1 मिलिअँपच्या वरचा करंट याच वाटेने जातो आणि मोजमाप फसतं. टाकी भरलेल्या अवस्थेत 100 ओहमवर 0.42 व्होल्ट मिळाले, म्हणजे 4.2 मिलिअँप. स्थिर असताना या चिपने 1 मायक्रोअँपही घेऊ नये. सीमॉस गेटमध्ये प्रत्येक इनपुटमागे वरचा आणि खालचा असे दोन ट्रान्झिस्टर असतात आणि इनपुट टोकाला असेल तर त्यातला एक बंद असतो. इनपुट मध्ये लटकलं की दोन्ही अर्धवट उघडे राहतात आणि पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत सरळ वाट मोकळी होते. 12 व्होल्टला हे 50 मिलिवॅट, चिप बोटाला गरम लागेल न लागेल इतकंच. म्हणूनच भिंतीवरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या डब्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही. बॅटरीवरच्या यंत्रात मात्र हाच 4 मिलिअँप दिवसाला जवळपास 100 मिलिअँप-तास खाऊन टाकतो.

शेवटी वाफेची परीक्षा. आरशावर धरतो तशी तोंडाची वाफ चिपच्या पायांवर सोडली आणि कोरड्या दुपारी, सगळं सुरळीत असताना, रिले टरटरू लागला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक सीमॉस बोर्डावर ही परीक्षा करून पाहावी असं मी सांगेन. फक्त आधी 230 व्होल्टची बाजू पूर्ण तोडायची, बोर्डाला वेगळा 12 व्होल्ट द्यायचा आणि रिलेवर पंप ठेवायचा नाही.

या आधी एका कारागिराने बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून दिलं होतं आणि काही काळ सगळं ठीक चाललं होतं. साहजिक आहे. मिठाचा थर गेला, वाट बंद झाली. पण पिना मोकळ्याच राहिल्या आणि वाऱ्याने थर पुन्हा बसवला. म्हणून या वेळी बोर्ड मुद्दाम न पुसता आधी जोडण्या केल्या. पुसून मग जोडलं असतं, तर फरक कशाने पडला हे कळलं नसतं.

कुठली पिन कुठे जोडली, आणि का

एका वेळी एकच बदल केला. पहिल्यांदा रिकामं तिसरं गेट. ज्या गेटचं आउटपुट कुठेच वापरलेलं नाही, त्याची इनपुट हाय करा किंवा लो, दोन्ही चालतं. इथे पिन 13 च्या शेजारीच पिन 14, म्हणजे 12 व्होल्टचा पुरवठा आहे. म्हणून 11, 12, 13 एका बारीक तारेने जोडून 14 ला मिळवल्या. पिन 10 हे आउटपुट आहे, ते मोकळंच ठेवायचं. आउटपुट पुरवठ्याला किंवा ग्राउंडला बांधणं म्हणजे शॉर्ट करण्याचीच तयारी, आणि उत्साहाच्या भरात ही गफलत होताना दिसते. एवढं केल्यावर 100 ओहमवरचे 0.42 व्होल्ट 0.17 वर आले. पंपाचं वागणं मात्र तसंच.

मग पिन 8. इथे हाय की लो हा प्रश्न आवडीचा राहत नाही, कारण हे गेट वापरात आहे. जोडणी अशी हवी की या इनपुटने बाकीच्यांच्या निर्णयात लुडबूड करू नये. नँडमध्ये हाय इनपुट लुडबूड करत नाही, लो करतं. म्हणून पिन 8 सरळ 12 व्होल्टला. ती ग्राउंडला बांधली असती तर पिन 9 कायमची हाय झाली असती आणि पंप रात्रंदिवस चालला असता. नॉर गेट असतं तर हिशोब उलटा: तिथे जादा इनपुट ग्राउंडला. जादा इनपुट त्याच गेटच्या वापरात असलेल्या इनपुटला जोडूनही भागतं, फक्त पुढे कुणी दुरुस्ती करणारा गोंधळतो, म्हणून मला पुरवठ्याला बांधणं जास्त स्वच्छ वाटतं. सीमॉस इनपुट करंट घेत नाही, त्यामुळे चिपच्या स्वतःच्याच पुरवठ्याला बांधताना मध्ये रेझिस्टर लागत नाही. टाकी भरलेल्या अवस्थेत आता 100 ओहमवर मीटरच्या सगळ्यात बारीक रेंजवरही शून्य आलं. वाफ सोडली, रिले हलला नाही.

अर्ध्या टाकीची अवस्था अजून बाकी होती. दोन्ही फ्लोट उघडे ठेवून पंप चालू असल्याची स्थिती आणली, तर करंट पुन्हा दिसला. ती पिन 5. हिच्यावर पुढे कधीतरी बटण येणार, म्हणून ती सरळ 12 व्होल्टला बांधता येत नाही. बटण दाबताच पुरवठा ग्राउंडला शॉर्ट होईल. इथे रेझिस्टरच हवा. पण केवढा? सीमॉसला 1 मेगाओहमही पुरतो असं बरेच जण म्हणतात, आणि कोरड्या हवेत ते खरंही आहे. पण इथला थर पावसात फार भिजून 1 मेगाओहमपर्यंत उतरला तर 12 व्होल्ट दोघांत निम्मे वाटले जातील आणि पिन 5 वर 6 व्होल्ट, म्हणजे नको त्या पट्ट्यातलं व्होल्टेज येईल. 47 किलोओहम लावला तर तशाच भिजलेल्या थरावरही पिन साडेअकरा व्होल्टच्या आसपास राहते. बटण दाबल्यावर त्यातून पाव मिलिअँप जाईल, ते काहीच नाही. म्हणून 47 किलोओहम थेट पिन 5 पासून 14 कडे, कनेक्टरजवळ नव्हे तर चिपजवळ, आणि पिन 5 ते ग्राउंड 100 नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर, लांब ट्रॅकवरून येणारे झटके गिळायला.

पुरवठ्यावर पिन 14 आणि 7 मध्येही 100 नॅनोफॅरड नव्हता, तो घातला. तो हवाच, पण त्याने मोकळ्या पिनेवर काही इलाज होत नाही. तो पुरवठा शांत ठेवतो, इनपुटला पातळी देत नाही.

हे सगळं झाल्यावर बोर्ड अल्कोहोलने पुसलं, वाळवलं आणि वर पारदर्शक वॉर्निशचा हात दिला. काकांनी विचारलं, "आधीच वॉर्निश मारलं असतं तर?" बहुतेक वर्ष-दोन वर्षं गेली असती. पण वॉर्निशखालीही पिन मोकळीच राहते आणि 230 व्होल्टची तार शेजारीच असते. शिवाय ट्रॅकच्या कडेला कुठे भेग पडली की ओल आत शिरते आणि मग पुसायलाही जागा उरत नाही.

कनेक्टरवर आता स्वयंपाकघरातून एक बटण आलं आहे. टाकी पूर्ण भरायच्या आत पंप थांबवायचा असला की काकू तिथूनच थांबवतात. त्या तारेची लांबी पंधरा मीटरच्या वर आहे, म्हणून पिन 5 आणि कनेक्टर यांच्यामध्ये 1 किलोओहम आणखी टाकला. बाहेरून तारेवर आलेला झटका आधी त्याच्यावर आदळतो, मग चिपकडे जातो.